मरणोत्तर शेतकरी-संशोधक पुरस्कारासाठी शिफारस : दादाजी रामाजी खोब्रागडे

नाव : दादाजी रामाजी खोब्रागडे (निधन ३ जून २०१८)
गाव : नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर
शिक्षण : तिसरीपर्यंत
कार्यक्षेत्र : धानाच्या नव्या वाणांची निवड आणि शुद्धीकरण
शिफारस करणारे : नागभीड तालुक्यातील धान उत्पादक शेतकरी

निवड समितीस,

दादाजींबद्दल आजवर बरंच लिहिलं गेलं आहे. त्यातलं बहुतेक त्यांच्या गरिबीबद्दल आहे. दीड एकराचा शेतकरी, आजारपणात विकावी लागलेली जमीन, आणि सोन्याचं म्हणून मिळालेलं पदक खोटं निघाल्याची गोष्ट. हे सगळं खरं आहे, पण या शिफारशीत ते पुन्हा सांगणार नाही. पुरस्कार संशोधकासाठी आहे, तेव्हा दादाजींना संशोधक म्हणूनच तपासावं, एवढी आमची विनंती आहे. त्यांनी काय पाहिलं, मग काय केलं आणि त्यातून काय उभं राहिलं, एवढंच पुढे मांडतो.

काम

१९८३ साली दादाजींच्या बांधीत पटेल-३ हा धान उभा होता. त्या काळी आमच्या भागात हा वाण चांगला चालत असे. निसवलेल्या धानात फिरताना त्यांना तीन लोंब वेगळे दिसले. रंग पिवळसर, ठेवण बाकीच्यांहून निराळी. त्यांनी ते तोडून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले.

हे वाचताना ‘नशीब म्हणायचं’ असं मनात येतं. आम्ही धानात आयुष्य काढलेली माणसं आहोत, म्हणून थोडं थांबून सांगतो. वेगळा लोंब प्रत्येकाच्या बांधीत कधी ना कधी दिसतो. कापणीच्या घाईत तो विळ्याखाली येतो, पुंजण्यात जातो, मळणीत इतर दाण्यांत मिसळतो आणि संपतो. ज्याला बियाणं शुद्ध ठेवायचं असतं तो तर असं वेगळं झाड दिसलं की भेसळ म्हणून उपटून टाकतो, आणि शेतीशाळेतही तेच शिकवतात. दादाजींनी भेसळ म्हणून उपटायचं ते जपायचं ठरवलं. वेगळं दिसणं आणि वेगळं असणं यातला फरक पुढच्या हंगामात पेरल्याशिवाय कळत नाही, ही समज त्यांच्याकडे होती. संशोधनाची सुरुवात आम्ही तिथून धरतो.

१९८४ मध्ये त्यांनी ते दाणे शेताच्या मधोमध लहानशा जागेत लावले आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. तीन लोंबांचे दाणे ओंजळभरही होत नाहीत. एका रात्रीत एका डुकराने सगळं उकरलं असतं तर आज ही शिफारस लिहायला कारण उरलं नसतं. त्या मूठभर बियाण्यापासून पुढे दर हंगामाला त्यांनी वेगळं लावलं, वेगळं कापलं, वेगळं मळलं आणि वेगळं साठवलं. त्यात पटेल-३ चा एक दाणा जरी मिसळला तरी मेहनत वाया. पऱ्हे टाकण्यापासून कोठीपर्यंत प्रत्येक पायरीवर मिसळ होऊ शकते, आणि शेतीवर पोट असलेल्या माणसाकडे प्रयोगासाठी वेगळी बांधी, वेगळं खळं नसतं. सगळं त्याच दीड एकरात, त्याच घरात.

धानाचं फूल आपल्याच परागाने फळतं, म्हणून एका झाडाची निवड चार-सहा पिढ्यांत स्थिर होऊ शकते. हे कृषी पदवीधराला पुस्तकातून कळतं. तिसरी शिकलेल्या दादाजींना ते बांधीतून कळलं असावं, असा आमचा तर्क आहे. कारण त्यांनी एकच हंगाम पाहून थांबायची घाई केली नाही. वर्षामागून वर्ष त्यांनी लोंबाची ठेवण, दाण्याची बारकाई, उतारा आणि शिजल्यावरची चव यांची तुलना मूळ वाणाशी केली. नवा धान मूळ वाणापेक्षा बारीक होता, कांडल्यावर तांदूळ जास्त निघत होता, वास होता, आणि हेक्टरी ४० ते ४५ क्विंटलचा उतारा देत होता. बारीक धान म्हणजे उत्पन्न कमी, हे आमच्याकडचं जुनं गणित या वाणाने मोडलं.

नाव

१९९० मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने दादाजींकडून १५० किलो बियाणं नेलं, चार एकरांत लावलं आणि ५० क्विंटल धान काढला. तो धान व्यापाऱ्याकडे गेला तेव्हा त्याला नाव नव्हतं. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे प्रतिष्ठा. व्यापाऱ्याने धानाला घड्याळाचं नाव दिलं आणि ते चिकटलं.

इथे एक गोष्ट समितीच्या ध्यानात आणून देतो. ज्या वाणातून हा धान निघाला तो पटेल-३ जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ डॉ. पटेल यांच्या नावाने ओळखला जातो. शास्त्रज्ञाच्या वाणाला शास्त्रज्ञाचं नाव मिळालं, शेतकऱ्याच्या वाणाला घड्याळाचं. त्यामुळे ज्या घरात रोज एचएमटी शिजतो त्या घरातही दादाजी खोब्रागडे कोण हे बहुधा माहीत नसतं. आमच्याच तालुक्यातल्या शाळकरी पोरांना विचारून पाहा.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने या बियाण्याचे पाच किलो प्रयोगासाठी नेले. १९९८ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाची आद्याक्षरं पुढे लावून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. केंद्रात झालेलं शुद्धीकरणाचं काम आम्ही नाकारत नाही. मात्र ज्या बियाण्याचं शुद्धीकरण झालं ते कुठून आलं, ही ओळ त्या नावात कुठेच नाही. यावर वाद पुष्कळ झाला आहे. तो समितीपुढे उकरायचा नाही. मानपत्रात ती ओळ यावी, एवढंच मागणं आहे.

पुढची वाणं

एका लोंबावर नशीब उघडलं, असं कुणाला अजूनही वाटत असेल तर त्याने पुढची यादी वाचावी. एचएमटीनंतर दादाजी थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न, काट्या एचएमटी आणि डीआरके, अशी एकामागून एक वाणं त्यांनी निवडीतून काढली. नशीब एकदा साथ देतं. इतक्यांदा साथ देते ती नजर. यातल्या डीआरकेकडे आमचं विशेष लक्ष जातं. दादाजी रामाजी खोब्रागडे यांची ती आद्याक्षरं आहेत. पहिल्या वाणाला व्यापाऱ्याने नाव दिलं. या वेळी त्यांनी स्वतःचं दिलं.

परिणाम

दादाजींनी बियाण्याची कंपनी काढली नाही, पाकिटं छापली नाहीत. बियाणं हाताहाती गेलं. कुणी पायलीभर नेलं, कुणी पोतंभर, कुणी सासुरवाडीला पाठवलं. अशा प्रसाराच्या पावत्या फाटत नाहीत, म्हणून तो एकराच्या कोष्टकात बसवण्याच्या भानगडीत आम्ही पडलेलो नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या कुठल्याही राईस मिलमध्ये किंवा नागपूरच्या किराणा दुकानात जाऊन ‘एचएमटी आहे का’ म्हणून विचारावं. छत्तीसगड आणि तेलंगणातही हाच प्रश्न विचारता येतो आणि उत्तरही मिळतं.

आमच्या घरांत काय बदललं ते सांगायचं तर, बारीक तांदूळ पूर्वी पाहुण्यांसाठी, लग्नकार्यासाठी असे. रोजच्या पानात ठोकळ. एचएमटीने बारीक भात रोजच्या पानात आणला आणि तोच धान विकायला नेला तर ठोकळापेक्षा जास्त भाव मिळू लागला. खाण्याचा धान आणि विकण्याचा धान एकच झाला. छोट्या शेतकऱ्याला याचा अर्थ कळतो; दोन वेगळे वाण लावायला त्याच्याकडे बांध्याच नसतात.

शेतकऱ्याने निवडलेल्या वाणाला कायद्याने ओळख देणारा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली आला, म्हणजे एचएमटी बाजारात रुळल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. दादाजींचं उदाहरण त्या कायद्यावरच्या चर्चेत आजही दिलं जातं.

यापूर्वीचे सन्मान

२००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते. २०१० मध्ये फोर्ब्सच्या ग्रामीण भारतातील उद्योजकांच्या यादीत समावेश. या यादीतलं नाव वाचून गावात आनंद झाला, पण ‘उद्योजक’ हा शब्द आम्हाला तेव्हाही नीट बसला नव्हता. त्यांनी धंदा केला नाही. बियाणं मागायला आलेल्याला ते बियाणं देत, आणि सोबत कसं लावायचं तेही सांगत.

मानपत्रासाठी सुचवलेला मजकूर

समितीने शिफारस मान्य केल्यास व्यासपीठावर वाचण्यासाठी पुढील मजकूर घ्यावा. शब्द बदलले तरी चालतील, क्रम बदलू नये.

“१९८३ साली नांदेड गावच्या एका बांधीत तीन लोंब वेगळे दिसले. ते पाहणारे शेतकरी होते दादाजी रामाजी खोब्रागडे. त्यांनी ते जपले, काट्यांच्या कुंपणात वाढवले आणि अनेक हंगाम निवड करून धानाचा एक नवा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. तो आज एचएमटी या नावाने ओळखला जातो. पुढे प्रसारित झालेल्या पीकेव्ही-एचएमटी या वाणाचं मूळ बियाणं त्यांच्याच शेतातलं. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न, डीआरके अशी वाणंही त्यांच्याच निवडीतून आली. प्रयोगशाळा, अनुदान आणि पदवी यांपैकी काहीही हाताशी नसताना केलेल्या या संशोधनाबद्दल दादाजी रामाजी खोब्रागडे यांना हा पुरस्कार मरणोत्तर प्रदान करण्यात येत आहे.”

ता. क. : मानचिन्हावर गावाचं नाव कोरताना ‘नांदेड, ता. नागभीड, जि. चंद्रपूर’ असं पूर्ण कोरावं. नुसतं नांदेड लिहिलं की लोक त्यांना मराठवाड्यातले समजतात.