सॉरी सॉरी सॉरी, होणाऱ्या आईसाहेब!

अगं ऐक ना, रागावलीयेस माहितीये, मेसेज वाचतेयस पण रिप्लाय नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे 🙈

खरंच गं, तुझ्या डोहाळजेवणाला पोहोचू शकले नाही, मनापासून सॉरी. सकाळी साडेसातला ठाण्याहून निघाले होते, हिरवी साडी नेसून, मांडीवर करंज्यांचा डबा, ओल्या नारळाच्या, तुला आवडते तशी वेलची जास्त घातलेल्या. आणि कसारा घाटाच्या जरा आधी बसचा क्लच गेला, मग दुसरी बस येईपर्यंत तीन तास रस्त्याच्या कडेला, त्यात रेंज येऊन-जाऊन, तुझा एक कॉल लागला तोही हॅलो हॅलो करण्यातच संपला. दोन वाजले तेव्हा म्हटलं आता ओटी भरून झाली असणार, मग परत फिरले. घरी येऊन फोटो बघितले, फुलांचा मुकुट, बाजूबंद, आणि झोपाळ्यावर बसून तू जी हसतेयस ना, रडूच आलं मला. तुझ्या शेजारी मी हवी होते, शाळेपासून ठरलंय आपलं.

आता शिक्षा तू सांग, सगळी मान्य! पुढच्या रविवारी सकाळची तपोवन पकडून नाशिकला येतेय, ताज्या करंज्या घेऊन, आणि मावशीच्या मानाचं एक डोहाळजेवण माझ्याकडून, फक्त आपल्या दोघींचं, म्हणजे तिघांचं.

आणि मेन गोष्ट राहिलीच, वाटीत काय निघालं, पेढा की बर्फी? सांग ना गं 💚