टर्म विमा दावा नाकारल्याविरुद्ध नॉमिनीचे अपील

श्रीमती वर्षा दिलीप सुतार
कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली

दि. १९ मे २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, मुंबई
(प्रत : मा. प्रमुख, मृत्यू दावे विभाग)

विषय : मृत्यू दावा नाकारल्याच्या निर्णयाचा फेरविचार होऊन विमा रक्कम मिळण्याबाबत.

संदर्भ : १) टर्म पॉलिसी क्र. ०४७१८२६३९, विमाधारक कै. दिलीप पांडुरंग सुतार, विमा रक्कम रु. ५०,००,०००/-, जारी दि. १८ ऑगस्ट २०२२
२) आपले दि. २४ एप्रिल २०२५ चे दावा नाकारल्याचे पत्र

महोदय,

वरील पॉलिसीची मी नॉमिनी आहे. माझे पती ११ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी वर्कशॉपमध्येच हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने गेले. २ डिसेंबरला मी सर्व कागदपत्रांसह दावा दाखल केला. चौकशी करायची असली तरी मृत्यू दाव्याचा निकाल ४५ दिवसांत लागायला हवा. मला उत्तर मिळाले ते जवळजवळ पाच महिन्यांनी, आणि तेही नकाराचे.

पत्रात कारण एकच आहे : मार्च २०१९ मध्ये विमाधारकाला 'किडनीचा आजार' होता आणि प्रस्ताव अर्जात त्यांनी तो लपवला. हे कारण वस्तुस्थितीला धरून नाही आणि कायद्यातही बसत नाही, म्हणून हे अपील करत आहे.

मार्च २०१९ मध्ये काय झाले ते आधी सांगते. पतींच्या डाव्या कुशीत रात्री अचानक कळ आली. मिरजेच्या एका रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत ५ मि.मी.चा खडा दिसला. सलाइन आणि वेदनाशामक इंजेक्शन दिले, एक रात्र ठेवून घेतले, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडले. पाच दिवसांच्या गोळ्या आणि भरपूर पाणी प्या, एवढेच डिस्चार्ज कार्डावर आहे. चौथ्या दिवशी खडा आपोआप पडला. शस्त्रक्रिया झाली नाही, दुर्बीण घालावी लागली नाही. पुढे तपासणीला गेले तेव्हा सोनोग्राफी स्वच्छ आली. तो रिपोर्टही सोबत आहे. त्यानंतर साडेपाच वर्षे त्यांना या कारणासाठी डॉक्टरकडे जावे लागले नाही. थोडक्यात, मुतखडा झाला आणि गेला. डिस्चार्ज कार्डावर 'किडनीचा आजार' असे शब्द कुठेही नाहीत, ते फक्त आपल्या पत्रात आहेत.

हे डिस्चार्ज कार्ड आपल्याला कुठून मिळाले, तेही नोंदवून ठेवते. फेब्रुवारीत आपले चौकशी अधिकारी घरी आले आणि त्यांनी जुने वैद्यकीय कागद मागितले. कपाटातली निळी फाइल मी जशीच्या तशी त्यांच्या हातात दिली. त्याच फाइलीत वरच्या कप्प्यात पॉलिसी बाँड होता आणि त्याच्या मागे हे कार्ड. ज्याला आजार लपवायचा आहे तो माणूस त्याचा पुरावा पॉलिसीला चिकटवून ठेवत नाही. चौकशी अहवालात हा तपशील आहे की नाही मला माहीत नाही, कारण अहवाल मला दिलेला नाही.

आता प्रस्ताव अर्ज. आपण दोन प्रश्नांच्या उत्तरांवर बोट ठेवले आहे.

प्रश्न १६ असा आहे : गेल्या पाच वर्षांत एका आठवड्याहून अधिक काळ उपचार घ्यावे लागले किंवा रुग्णालयात राहावे लागले असा आजार झाला होता का? उत्तर 'नाही'. एक रात्र रुग्णालयात आणि पाच दिवस गोळ्या, हे एका आठवड्याहून अधिक होत नाही. मर्यादा कंपनीनेच घातली, पतींनी त्या मर्यादेत खरे उत्तर दिले. हे उत्तर खोटे कसे ठरते, याचा पत्रात एका ओळीचाही खुलासा नाही.

प्रश्न १४ (ग) मूत्रपिंड, मूत्राशय किंवा प्रोस्टेटचा आजार आहे किंवा होता का, असा आहे. त्याचेही उत्तर 'नाही'. इथे कंपनीला बोलायला जागा आहे हे मी मान्य करते, म्हणून या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

अर्ज इंग्रजीत होता आणि तो आपल्या एजंटने आमच्या घरी बसून टॅबवर भरला. मी समोरच होते. वैद्यकीय प्रश्नांची पाने सरकवताना त्यांनी विचारले ते एवढेच : "बीपी, शुगर, हार्ट, कॅन्सर, असलं काही नाही ना?" पती म्हणाले, नाही. तंबाखू, दारू विचारली, तीही नाही. मग मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि अर्ज गेला. पती आयटीआय फिटर होते, इंग्रजी अर्ज वाचून प्रश्नांची छाननी करण्याइतके त्यांचे इंग्रजी नव्हते. पॉलिसी देण्याआधी कंपनीकडून पडताळणीचा फोन आला, तो मराठीत होता आणि रेकॉर्ड होत असल्याचे सुरुवातीलाच सांगितले होते. त्या फोनवर मुतखड्याबद्दल किंवा मूत्रमार्गाबद्दल प्रश्न विचारला गेला का, हे रेकॉर्डिंग ऐकून ठरवता येईल. ते मला ऐकवावे. आमच्या भागात उन्हाळ्यात भट्टीजवळ, वेल्डिंगवर काम करणाऱ्या निम्म्या माणसांना कधी ना कधी खडा झालेला असतो. तीन वर्षांपूर्वी पडून गेलेल्या खड्याला 'मूत्रपिंडाचा आजार' समजून कोणी सांगेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे. तसा तपशील हवा होता तर प्रश्नात 'मुतखडा' हा शब्द घालायचा होता.

शिवाय कंपनीने पतींच्या शब्दावर पॉलिसी दिलेली नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्या पॅनेलवरील लॅबमध्ये, आपल्या खर्चाने, त्यांची तपासणी झाली. सिरम क्रिएटिनिन ०.९, लघवीच्या तपासणीत प्रथिने नाहीत, रक्तपेशी नाहीत, रक्तदाब १२४/८०, ईसीजी नॉर्मल. किडनी कशी आहे हे कंपनीने स्वतः पाहिले, समाधान झाल्यावर नेहमीच्या दराने, जादा हप्ता न लावता पॉलिसी दिली. ज्या किडनीला २०२२ मध्ये कंपनीच्याच लॅबने निरोगी म्हटले ती २०२५ मध्ये कागदावर आजारी झाली!

मृत्यूचे कारण शवविच्छेदन अहवालात स्पष्ट आहे : हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडून आलेला हृदयविकाराचा झटका. किडन्यांच्या रकान्यात 'कंजेस्टेड' एवढीच नोंद आहे. खडा नाही, सूज नाही. अचानक झालेल्या मृत्यूत अवयवांत रक्त साचलेले दिसणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, असे मला डॉक्टरांनी सांगितले. हा शब्द पुढे कोणी आजाराचा पुरावा म्हणून वापरू नये, म्हणून आधीच लिहिते.

कायद्याचा भाग. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत पॉलिसीवर आक्षेप घेता येतो, हे मी नाकारत नाही. आमच्या पॉलिसीला तीन वर्षे व्हायची होती. पण त्याच कलमात अटी आहेत. फसवणुकीचा आरोप असेल तर तो कशाच्या आधारावर, हे लेखी सांगावे लागते. फसवणूक नसून महत्त्वाची माहिती दडवली एवढेच म्हणणे असेल, तर त्या माहितीचा स्वीकारलेल्या जोखमीशी थेट संबंध असावा लागतो, आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. शिवाय अशा नकारात भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात.

आपल्या पत्रात फसवणूक हा शब्द नाही. हप्ते परत करण्याचा उल्लेखही नाही. म्हणजे आरोप नेमका कोणता, हेच कंपनीने ठरवलेले दिसत नाही. पडून गेलेला ५ मि.मी.चा खडा कळला असता तर ३९ वर्षांच्या, निर्व्यसनी, तपासणीत निरोगी ठरलेल्या माणसाला कंपनीने पॉलिसी नाकारली असती, असे आपल्या जोखीम स्वीकारण्याच्या नियमावलीत कुठे लिहिले आहे, ते पान मला दाखवावे. असे पान नसेल तर नकाराला आधार उरत नाही.

पत्रात सर्वोच्च न्यायालयाच्या सतवंत कौर संधू (२००९) निकालाचा हवाला आहे. तो निकाल मी वकिलांकडून समजून घेतला. ते प्रकरण मेडिक्लेमचे होते आणि विमाधारकाला जुनाट मधुमेह होता, किडन्या निकामी झाल्या होत्या. मूत्रनलिकेतून चार दिवसांत पडून गेलेल्या खड्याशी त्याची तुलना होत नाही. उलट सुलभा प्रकाश मोटेगावकर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ (२०१५) या प्रकरणात विमाधारकाने कंबरेच्या मणक्याचा त्रास सांगितला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. जिवाला धोका नसलेला आणि मृत्यूशी संबंध नसलेला आजार सांगितला नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आमचे प्रकरण याहून वेगळे काय आहे? महाकाली सुजाता प्रकरणातही (एप्रिल २०२४) माहिती दडवल्याचे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवरच असल्याचे याच न्यायालयाने सांगितले आहे.

तरी माझी विनंती अशी की, २४ एप्रिलचा निर्णय मागे घेऊन विमा रक्कम रु. ५०,००,०००/- आणि विलंबाबद्दल नियमानुसार बँक दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज माझ्या खात्यावर जमा करावे. निर्णय कायम ठेवणार असाल तर प्रस्ताव अर्जाची पूर्ण प्रत, जुलै २०२२ चा वैद्यकीय अहवाल, पडताळणी फोनचे रेकॉर्डिंग, चौकशी अहवाल आणि वर मागितलेले नियमावलीचे पान उत्तरासोबत द्यावे. फोनवर "वरून निर्णय झालाय, मॅडम" असे ऐकवले जाते, ते उत्तर म्हणून मी धरणार नाही. उत्तर लेखी आणि मुद्द्यांना धरून हवे.

तक्रारीचा निकाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. ही तक्रार मी बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवत आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर पुणे येथील विमा लोकपालांकडे जाईन. मागणीची मूळ रक्कम त्यांच्या ५० लाखांच्या मर्यादेत आहे. त्यानंतरही गरज पडल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागण्याचा हक्क राखून ठेवते.

वर्कशॉप बंद आहे, लेथ मशीनच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, मुलगी अकरावीत आणि मुलगा सातवीत आहे. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. अशी वेळ आलीच तर घर चालावे म्हणून पतींनी तीन वर्षांचे हप्ते, एकूण रु. ३५,५२०/-, एकदाही न चुकवता वेळेत भरले.

आपली विश्वासू,
(सही)
वर्षा दिलीप सुतार
नॉमिनी

सोबत (साक्षांकित प्रती) : दावा नाकारल्याचे पत्र, पॉलिसी बाँड व त्यासोबतचा प्रस्ताव अर्ज, मार्च २०१९ चे डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी रिपोर्ट आणि नंतरच्या तपासणीचा रिपोर्ट, मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, तीन हप्त्यांच्या पावत्या, माझे आधार कार्ड व बँक पासबुकाचे पहिले पान.