सगळ्या आयसीयूचा ब्रदर, मूळचा माझा

हॉस्पिटलात बाई नर्स असली की सिस्टर आणि पुरुष नर्स असला की ब्रदर. गेली 11 वर्षं कोण कोण याला ‘ओ ब्रदर, जरा इकडे या’ म्हणून हाका मारतंय. खुशाल मारा. फक्त नोंद असावी म्हणून सांगते, हा ब्रदर मूळचा माझा आहे. मी 3 वर्षांची असल्यापासून.

आणि कालपासून तो आयसीयूचा इन्चार्ज आहे!!

फोटोत तिरका लागलेला दिसतोय तो नवा बॅज. फोटो त्याच्या टीममधल्या एका सिस्टरने काढून पाठवला. हा पठ्ठ्या स्वतः कुठला पाठवायला! मला त्याचा जो मेसेज आला तो शब्दशः असा होता : ‘ताई, आता ड्यूटीचं रोस्टर मला लावावं लागणार.’ मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे, ‘म्हणजे तेच.’ बढतीची बातमी अशी तक्रारीसारखी सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तर आता तुझ्याशी बोलते. तू लाजणार आहेस, लाज.

तू शिकत असताना परीक्षेच्या आधी रात्री जेवणाच्या टेबलावर गणितं घेऊन बसायचास. 500 मिली सलाईन, 8 तासांत द्यायचंय, सेट 20 थेंबांना 1 मिलीचा, तर मिनिटाला थेंब किती? मी कॉमर्सवाली, कॅल्क्युलेटर हातात. मी ऐटीत सांगितलं, 20.83. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं काही मी पेशंटला खुर्चीत बसवून विसरून गेले. ‘ताई, थेंब अर्धा पडत नाही. 21.’

त्यानंतर आपली पद्धत ठरली. दोघांनी वेगवेगळं करायचं, कागद हाताने झाकून, आणि मगच उत्तरं दाखवायची. मला वाटायचं हा खेळ आहे. पुष्कळ वर्षांनी तू सांगितलंस की इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम असली औषधं देताना दोन नर्सेसनी डोस खरंच असाच वेगवेगळा काढायचा असतो. पहिल्याचा आकडा बघून दुसऱ्याने मान डोलावली तर ती तपासणी नव्हेच. ज्युनिअर्सना तू म्हणे आजही कागद झाकायला लावतोस. हे ऐकून मला किती भारी वाटलं ते तुला कधी बोलले नव्हते. तुझी पहिली सेकंड चेकर मी होते की रे!

(तुझ्या ड्यूटीच्या सवयी घरात कशा दिसतात तेही लोकांना कळू दे. कुठलंही यंत्र टीं-टीं वाजलं की हा गाढ झोपेतून उठून बसतो. वॉशिंग मशीन असेल तर परत झोपतो. कुठला आवाज व्हेंटिलेटरचा, कुठला पंपाचा, कुठला मॉनिटरचा, हे त्याला झोपेत कळतं. आई तीन हाका मारते ते मात्र ऐकू येत नाही.)

मला तुझा अभिमान नेमका कशाचा वाटतो असं कुणी विचारलं तर मी बॅजचं नाही, बाबांच्या ऑपरेशननंतरच्या रात्रीचं सांगेन.

ते हॉस्पिटल तुझं नव्हतं. तू तिथे फक्त मुलगा म्हणून बसला होतास. रात्री बाबांचा इन्फ्यूजन पंप वाजायला लागला आणि मी लगेच तुझ्याकडे बघितलं. घरात आयसीयूचा माणूस असताना घाबरायचं कशाला? तू उठलास, पंपाच्या पडद्यावर नजर टाकलीस, बेल दाबलीस आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलास. मी चिडले. अरे, तुला येतं ना हे? तू हळूच म्हणालास, ‘येतं. पण आज बाबा त्यांचे पेशंट आहेत. चार्टवर सही त्यांची आहे.’

तिथल्या सिस्टर आल्या. तू त्यांना एवढंच सांगितलंस की 11 वाजून 40 मिनिटांनी वाजला, ऑक्लूजन दाखवतोय, बाबांनी कोपरात हात दुमडलाय, आम्ही कशाला हात लावलेला नाही. त्यांनी बाबांचा हात सरळ केला, नळी आणि सुईची जागा नीट बघितली, पंप पुन्हा सुरू केला. तुझ्याकडे बघून विचारलं, ‘तुम्ही कुठे असता?’ तू म्हणालास, ‘मी यांचा मुलगा.’

मी तर माझं नाव, हुद्दा, आडनाव, सगळं सांगून मोकळी झाले असते!

ज्याला दुसऱ्याच्या ड्यूटीचा इतका मान ठेवता येतो, त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांचं बरंच होणार. मागे एका ज्युनिअरकडून डोसमध्ये दशांश चिन्ह सरकलं होतं. दुसऱ्या तपासणीत पकडलं गेलं, औषध गेलंच नाही. तू त्याला सगळ्यांसमोर एक शब्द बोलला नाहीस, बाजूला घेऊन परत गणित करायला लावलंस, रिपोर्ट मात्र लिहायला लावलास. हे मला तू नाही, त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

लॅरिंगोस्कोपचा दिवा दर ड्यूटीला स्वतः पेटवून बघतोस, क्रॅश कार्टचं सील तपासतोस, हँडओव्हर प्रत्येक बेडपाशी उभा राहून देतोस आणि त्यापायी रोज घरी उशिरा येतोस. आम्ही कुरकुरलोय त्यावरून. ती कुरकुर आज मागे घेते. निदान या आठवड्यापुरती.

एक गोष्ट तुला न विचारता लिहितेय. महिन्यापूर्वी तू फोन केलास, इन्चार्जच्या मुलाखतीला जाऊ का म्हणून. बेडपासून लांब जाईन, दिवसभर इंडेंट आणि रोस्टरच बघत बसेन, लोक रजेवरून भांडतील, मला जमेल का? मी म्हटलं, आपल्या पद्धतीने करू. तू तुझं उत्तर कागदावर लिही, मी माझं लिहिते. बघायचं नाही.

तुझ्या कागदावर होतं ‘बहुतेक’.
माझ्या कागदावर होतं ‘हो’.

उत्तरं जुळली नाहीत तर काय करायचं, हा नियमही तुझाच. पहिल्यापासून परत मोजायचं. मग आपण रात्री 1 वाजेपर्यंत फोनवर परत मोजलं. 11 वर्षं, किती नाइट्स, किती नवी पोरं तू हाताला धरून शिकवलीस, त्यातली किती आज स्वतः शिकवताहेत. शेवटी तू म्हणालास, ‘बरं, जातो.’ मी ते ‘हो’ धरलं.

ब्रदर, अभिनंदन! आई सकाळपासून प्रत्येक फोनवर ‘इन्चार्ज’ हा शब्द तीनदा तरी घालतेय. बाबांनी बॅजचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, तिरका का लावलाय?

पहिलं रोस्टर लावशील तेव्हा सगळ्यांचे ऑफ नीट बघ. सगळ्यांत तूही येतोस, हे मी सेकंड चेकर म्हणून सांगतेय. आता फोन ठेव आणि झोप. उद्या मॉर्निंग आहे ना तुला?

#ब्रदरइन्चार्ज #थेंबअर्धापडतनाही