माटोळीखालचा उजेड: इन्व्हर्टरच्या एका छापील जाहिरातीतील तार्किक आणि भावनिक आवाहन

या स्वाध्यायासाठी निवडलेली जाहिरात 17 ऑगस्ट 2025 रोजी, म्हणजे चवथीला दहा दिवस उरले असताना, रविवारी गोव्यातील एका मराठी दैनिकाच्या तिसऱ्या पानावर अर्ध्या पानाच्या आकारात प्रसिद्ध झाली होती. घरगुती इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या जोडीची ही जाहिरात आहे. निवडण्याचे कारण असे की, वस्तू पूर्णपणे तांत्रिक असूनही पानाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एका कौटुंबिक छायाचित्राने व्यापलेला आहे आणि वस्तू मात्र उजव्या कोपऱ्यात हाताच्या अंगठ्याएवढी दिसते.

छायाचित्र नीट पाहिले पाहिजे. जुन्या गोमंतकीय घराची वसरी, मध्यभागी गणपती, वर सुपारीची शिपटी, नारळ आणि कवंडाळ बांधलेली माटोळी, समोर हात जोडून बसलेली आजी आणि तिच्या खांद्याला टेकलेली, नवा फ्रॉक घातलेली नात. मागे पंधरा-सोळा पाहुणे आहेत. उघड्या खिडकीबाहेर पावसाची काळी रात्र आहे आणि शेजारचे घर अंधारात बुडालेले दिसते. शीर्षक आहे, ‘माटोळीखालचा उजेड विझायचा नाही.’ त्याखाली लहान अक्षरांत, ‘मुंबईहून आलेल्या मुलाला अंधारात कसं जेवायला वाढाल?’ खालच्या पट्टीत 150 अँपिअर-अवरची बॅटरी, ‘8 तास बॅकअप*’, ‘60 महिन्यांची वॉरंटी*’, किंमत 22,490 रुपये आणि जुनी बॅटरी दिल्यास 3,000 रुपयांची सूट, अशी माहिती आहे.

भावनिक आवाहन येथे एकाच भावनेवर उभे नाही. शीर्षकात भक्ती आहे, उपशीर्षकात अपराधभाव आहे, खिडकीबाहेरच्या अंधाऱ्या घरात शेजाऱ्याशी तुलना आहे. यांपैकी सर्वांत प्रभावी मला उपशीर्षक वाटते, कारण ते गोव्यातील एका खऱ्या सामाजिक रीतीवर बोट ठेवते: नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसे चवथीला मूळ घरी परततात, बहुतेक घरांत गणपती दीड दिवसाचा असतो आणि त्या दीड दिवसात घर कसे होते याचीच आठवण पुढे वर्षभर सोबत राहते. ‘गणेशोत्सव’ हा सर्वपरिचित शब्द टाळून ‘चवथ’ आणि ‘माटोळी’ हे शब्द वापरण्यामागेही हाच हिशेब दिसतो. ते वाचताच वाचकाला जाहिरातदार आपल्यातलाच वाटू लागतो, आणि ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत सांगायचे तर तेथे भावनेसोबत वक्त्याची विश्वासार्हताही गुपचूप कमावली जाते.

छायाचित्रातील एक बारकावा मला वारंवार पाहावासा वाटला. मूर्तीशेजारी समई पेटलेली आहे, पण ती चौकटीच्या कडेला आणि काहीशी अस्पष्ट आहे. झळाळी आहे ती ट्यूबची. आमच्या घरी एका चवथीला आरतीच्या ऐन वेळी वीज गेली होती आणि सर्वांनी समईच्या उजेडात आरती पूर्ण केली. ती रात्र घरात आजही प्रेमाने आठवली जाते. जाहिरातीला मात्र अंधाराचे संकटच हवे आहे, म्हणून तिने समईला मागे सारले आहे.

तार्किक आवाहन खालच्या पट्टीत आहे, आणि तेथे आकडे असल्यामुळे ते तार्किक आहे असे आपण चटकन धरून चालतो. त्या आकड्यांची पडताळणी केली तेव्हा माझे मत बदलले. 12 व्होल्ट आणि 150 अँपिअर-अवर म्हणजे कागदोपत्री 1,800 वॉट-अवर ऊर्जा. बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही आणि रूपांतरात काही ऊर्जा वाया जाते, हे धरून दोन्ही ठिकाणी 80 टक्के वापरता येतात असे मानले, तर सुमारे 1,150 वॉट-अवर हाती उरतात. तारांकित तळटीप सांगते की आठ तासांचा दावा एक पंखा आणि तीन एलईडी ट्यूब यांच्या भारावर आहे. पंख्याचे 75 आणि ट्यूबचे प्रत्येकी 20 वॉट धरले तर 135 वॉट होतात, आणि आठ तासांचा दावा बरोबर ठरतो. पण छायाचित्रातील वसरीत तीन पंखे फिरत आहेत, सहा ट्यूब आहेत, माटोळीभोवती दिव्यांच्या माळा आहेत आणि स्वयंपाकघराच्या दारातून फ्रिज दिसतो. माळांचे 50 आणि फ्रिजचे 150 वॉट धरल्यास हा भार साडेपाचशे वॉटच्या आसपास जातो. त्या घरात हीच बॅटरी दोन तासांच्या थोडी पुढे टिकेल.

म्हणजे चित्र एका घराचे आहे आणि आकडा दुसऱ्याच घराचा. आठ तास हा आकडा खोटा नाही, पण तो ज्या घराला लागू आहे ते घर पानावर कोठेही दिसत नाही. माझ्या मते या जाहिरातीतील तर्क हा भावनेचा प्रतिस्पर्धी नसून तिचा साक्षीदार आहे: निर्णय आजीच्या चेहऱ्याकडे पाहून होतो आणि घरच्यांना सांगायला कारण म्हणून ‘आठ तास’ वापरले जातात. वॉरंटीचेही तसेच आहे. पाच वर्षे न म्हणता 60 महिने म्हटल्याने आकडा मोठा वाटतो, आणि तळटीपेनुसार मोफत बदली पहिल्या 36 महिन्यांपुरतीच आहे. पुढचे 24 महिने फक्त किमतीत प्रमाणशीर सवलत मिळते.

रिचर्ड वॉन यांनी 1980 मध्ये मांडलेल्या एफसीबी जाळीत, म्हणजे वस्तूंची चार चौकोनांत विभागणी करणाऱ्या तक्त्यात, अशी महाग, टिकाऊ आणि तांत्रिक वस्तू ‘अधिक गुंतवणूक, विचारप्रधान’ या चौकोनात बसते, आणि त्या चौकोनासाठी माहितीप्रधान जाहिरात योग्य मानली जाते. ही जाहिरात त्या अपेक्षेच्या उलट वागते, आणि त्याचे स्पष्टीकरण मला पेटी आणि कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांच्या, मन कसे वळते हे सांगणाऱ्या प्रतिमानात सापडले: विचार करण्याची इच्छा आणि क्षमता दोन्ही असतील तरच वाचक युक्तिवाद तपासतो, एरवी तो वरवरच्या खुणांवर विसंबतो. घरी हे पान दाखवले तेव्हा आईने प्रथम विचारले, ‘हे घर कुठलं गं, आपल्या फोंड्याकडचं दिसतं.’ विजेच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या मामांनी चित्राकडे पाहिलेच नाही. ‘तारा कुठे आहे ते आधी बघ,’ म्हणत त्यांनी बोट थेट तळटीपेवर ठेवले. दोनच माणसांवरून निष्कर्ष काढता येत नाही, तरी एकच पान दोन वाटांनी कसे वाचले जाते हे मला त्या क्षणी पुस्तकापेक्षा स्पष्ट कळले.

मामांना ती तळटीप चष्मा काढून, पान डोळ्यांजवळ धरून वाचावी लागली, आणि ती इंग्रजीत होती. बाकी सर्व मजकूर मराठीत आहे, केवळ भार आणि वॉरंटीच्या अटी तेवढ्या इंग्रजीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी जून 2022 मध्ये केंद्रीय पातळीवर जी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली, त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात असणे अपेक्षित आहे. मुलाला अंधारात जेवायला वाढण्याची भीती आईला मराठीत घातली आहे. ती भीती किती तास दूर राहील, हे मात्र तिला न येणाऱ्या भाषेत छापले आहे.