दगड-मातीची भिंत: नेपाळच्या गवंड्यांसमोरचं भाषण

*(भाषांतर करणाऱ्या ताईंसाठी: एक ओळ म्हणजे एक वाक्य. प्रत्येक ओळीनंतर मी थांबेन. मोकळी ओळ आली की मी जास्त वेळ थांबेन. कंसातला मजकूर मी बोलणार नाही. मोजमाप मी मीटरमध्ये सांगेन. अंगणातली नमुन्याची भिंत सकाळीच बांधून ठेवली आहे.)*

नमस्कार.
मी गवंडी आहे.
माझं गाव लातूर जिल्ह्यात आहे.
माझे वडीलही गवंडी होते.
तुम्ही गोरखा आणि सिंधुपालचोक जिल्ह्यांतून आला आहात.
तुमच्या डोंगरात दगड आहे.
आमच्या माळावरही दगड आहे.
तुम्ही आणि आम्ही दगड आणि माती वापरून घरं बांधतो.
म्हणून आज आपण फक्त भिंतीबद्दल बोलू.

आधी आमच्या भूकंपाची माहिती देतो.
30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे भूकंप झाला.
वेळ होती 3 वाजून 56 मिनिटं.
केंद्र किल्लारी गावाजवळ होतं.
तीव्रता सुमारे 6.2 होती.
सुमारे 10,000 माणसं मेली.
आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं.
लोक उशिरा झोपले होते.
बहुतेक लोक घराच्या आत होते.

तुमचा भूकंप 25 एप्रिल 2015 रोजी झाला.
तो दुपारी बाराच्या सुमारास झाला.
त्या दिवशी शनिवार होता.
शाळा बंद होत्या.
तुमचा भूकंप आमच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.
त्याची तीव्रता 7.8 होती.
तरी मृतांचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळ आहे.
यावर मी बराच विचार केला आहे.
वेळेचा फरक हे एक कारण आहे.
आमच्या घरांची बांधणी हे दुसरं कारण आहे.
मी दुसऱ्या कारणाबद्दल बोलणार आहे.
गवंड्याला भूकंपाची वेळ बदलता येत नाही.
त्याला भिंत बदलता येते.

*(पहिला फोटो लावा: जुनं माळवदाचं घर.)*

हे आमचं जुनं घर आहे.
याचं छप्पर सपाट आहे.
या छपराला आम्ही माळवद म्हणतो.
खाली लाकडी खांब असतात.
खांबांवर लाकडी तुळया असतात.
तुळयांवर लाकडाच्या फळ्या असतात.
फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो.
पांढऱ्या मातीतून पाणी लवकर झिरपत नाही.
जाड मातीमुळे घर उन्हाळ्यात थंड राहतं.
आमच्याकडे मे महिन्यात तापमान 40 अंशांच्या वर जातं.
त्यामुळे लोकांना हे छप्पर आवडतं.
मलाही ते आवडतं.

पण एक अडचण आहे.
दरवर्षी पावसाळ्याआधी लोक छपरावर नवी माती टाकतात.
जुनी माती कोणी काढत नाही.
आजोबा माती टाकतात.
मग मुलगा माती टाकतो.
मग नातू माती टाकतो.
थर जाड होत जातो.
काही घरांत तो अर्ध्या मीटरपेक्षा जास्त झाला होता.

आता आपण एक हिशोब करू.
खोली 4 मीटर लांब आहे.
ती 3 मीटर रुंद आहे.
छपरावर 50 सेंटिमीटर माती आहे.
म्हणजे छपरावर 6 घनमीटर माती आहे.
एक घनमीटर माती सुमारे 1,600 किलो भरते.
एकूण वजन सुमारे 9,600 किलो होतं.
सिमेंटच्या एका पोत्याचं वजन 50 किलो असतं.
म्हणजे छपरावर 192 पोती ठेवली आहेत.
त्या छपराखाली एक कुटुंब झोपतं.

*(इथे थांबा. लोकांना आकडा लिहू द्या.)*

आता भिंतीकडे या.

*(सगळ्यांना अंगणात न्या. नमुन्याची भिंत दाखवा.)*

ही भिंत मी जुन्या पद्धतीने बांधली आहे.
ही बाहेरची बाजू आहे.
बाहेरचे दगड घडवलेले आहेत.
ते दिसायला चांगले आहेत.
ही आतली बाजू आहे.
आतले दगड लहान आणि वेडेवाकडे आहेत.
आता वरून भिंतीच्या मधे बघा.
मधे दगडांचे तुकडे आणि चिखल आहे.
एकही दगड बाहेरून आतपर्यंत जात नाही.
दिसायला ही एक भिंत आहे.
खरं तर या दोन पातळ भिंती आहेत.
त्यांच्यामधे भराव आहे.

मी हाताने बाहेरचा हा दगड हलवतो.
आतला दगड हलला नाही.
तुम्हीही हात लावून बघा.

*(दोन-तीन जणांना हात लावू द्या.)*

भूकंपात जमीन दोन्ही बाजूंना हलते.
बाहेरची बाजू वेगळी हलते.
आतली बाजू वेगळी हलते.
मधला भराव खाली बसतो.
खाली बसताना तो दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतो.
भिंतीचं पोट फुगतं.
मग बाहेरची बाजू पडते.
मग आतली बाजू घरातल्या माणसांवर पडते.
काही घरांत फक्त भिंती पडल्या.
लाकडी खांब आणि छप्पर उभं राहिलं.
त्या घरांतही माणसं दगडांखाली दबली.

आमचे जुने गवंडी म्हणत की जाड भिंत मजबूत असते.
आमच्या काही भिंती एक मीटरपेक्षा जाड होत्या.
त्यांत दगड जास्त होता.
दोन बाजूंची जोडणी नव्हती.
जाडी वाढली की वजन वाढतं.
वजन वाढलं की भूकंपात धक्का जास्त बसतो.
भारतीय मानक IS 13828 याबद्दल स्पष्ट सांगतं.
दगडी भिंत 45 सेंटिमीटरपेक्षा जाड नको.
मी आज एवढ्याच जाडीची भिंत बांधतो.

*(लांब दगड हातात घ्या.)*

हा दगड बघा.
याची लांबी 45 सेंटिमीटर आहे.
भिंतीची जाडीही तेवढीच आहे.
याचं एक टोक बाहेर दिसेल.
दुसरं टोक आत दिसेल.
हा दगड दोन्ही बाजूंना एकत्र धरतो.
उंचीत दर 60 सेंटिमीटरला असे दगड ठेवा.
लांबीत दोन दगडांमधे 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नको.
खालच्या ओळीतल्या दोन दगडांच्या मधोमध वरचा दगड ठेवा.
एवढा लांब दगड मिळाला नाही तर काँक्रीटचा ठोकळा बनवा.
ठोकळ्यात एक गज घाला.
ठोकळ्याचा खर्च कमी आहे.
तो न घालण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

कोपऱ्यात लांब दगड वापरा.
एका थरात तो या भिंतीत जाईल.
पुढच्या थरात तो दुसऱ्या भिंतीत जाईल.
कोपऱ्याजवळ दार ठेवू नका.
मी कोपऱ्यापासून किमान 60 सेंटिमीटर अंतर ठेवतो.
काही मालक या गोष्टीवरून वाद घालतात.
त्यांना दार रस्त्याच्या समोर हवं असतं.
मी त्यांना खिडकी हलवायला सांगतो.
दार कोपऱ्यात हवंच असेल तर मी काम घेत नाही.

आता जुन्या घराची दुरुस्ती सांगतो.
नवं घर बांधणं सोपं आहे.
जुन्या घरात माणसं राहत असतात.
भिंत पाडता येत नाही.
म्हणून भिंतीत आरपार भोक करायचं.
आधी त्या जागेचा गिलावा काढा.
मग बाहेरचा एक दगड निवडा.
त्यावर घण मारू नका.
घणामुळे आजूबाजूचे दगड सैल होतात.
पहारेने त्याच्या भोवतीची माती काढा.
दगड हळूहळू हलवून बाहेर ओढा.
मग मधला भराव हाताने काढा.
मग आतल्या बाजूचा दगड तसाच काढा.
भोक मधे अरुंद ठेवा.
दोन्ही तोंडांना ते रुंद ठेवा.
भोक पाण्याने ओलं करा.
8 मिलिमीटरचा गज घ्या.
त्याची दोन्ही टोकं वाकवा.
गज भोकात ठेवा.
गजाच्या सगळ्या बाजूंनी काँक्रीट भरा.
दहा दिवस त्यावर पाणी मारा.
एका वेळी शेजारी-शेजारी दोन भोकं करू नका.

यानंतर दारांच्या वरच्या पातळीवर पट्टा द्या.
पट्टा म्हणजे लोखंडी जाळी आणि त्यावर सिमेंटचा गिलावा.
पट्टा आतून द्या आणि बाहेरूनही द्या.
तो चारही भिंतींवर सलग हवा.
कोपऱ्यात जाळी तोडू नका.
तुमच्याकडे लाकडी पट्टाही वापरतात.
मी तो फोटोत बघितला आहे.
तुमच्या सुतारांची जोडणी मला आवडली.
आमच्याकडे चांगलं लाकूड आता महाग आहे.

छपराची माती कमी करा.
20 सेंटिमीटर माती ठेवा.
मातीच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद घाला.
कागद पाणी अडवतो.
म्हणून जास्त मातीची गरज राहत नाही.
मघाच्या खोलीत 192 पोत्यांची 77 पोती होतात.
खांब आणि तुळई यांच्यामधे तिरका लाकडी आधार द्या.
मग खांब एका बाजूला झुकत नाही.

आता मी माझं मत सांगतो.
भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली.
कुटुंबाकडे किती जमीन आहे, त्यानुसार घरांचे तीन आकार होते.
सुमारे 23, 42 आणि 70 चौरस मीटर.
ती घरं भूकंपासाठी मजबूत होती.
पण ती उन्हाळ्यात तापतात.
शेतकऱ्याला त्यांत बैल आणि धान्य ठेवायला जागा नव्हती.
लोकांनी शेजारी नव्या खोल्या बांधल्या.
काही खोल्या पुन्हा जुन्या पद्धतीने बांधल्या.
त्या भिंतींत आरपार दगड नाही.
लोकांना दगडाची भीती होती.
त्यांना दगड बांधण्याची रीत कोणी पुरेशी शिकवली नाही.
सगळे म्हणाले की दगड वाईट आहे.
मला हे पटत नाही.
दगड स्वस्त आहे आणि घर थंड ठेवतो.
आपण तो नीट जोडला पाहिजे.

बाकीच्या गावांत मोठी दुरुस्ती झाली.
तिथे मालकांनी स्वतः काम करून घेतलं.
गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं.
त्या घरोघरी जाऊन माहिती देत.
त्या आमच्या कामावर लक्षही ठेवत.
गवंड्यांना सुरुवातीला ते आवडलं नाही.
पण त्या बायका भोकं मोजत होत्या.
जिथे त्या मोजत होत्या, तिथे भोकं पूर्ण झाली.
तुमच्या गावात घराच्या मालकिणीला हे मोजमाप शिकवा.
गवंडी निघून जातो.
ती त्या घरात राहते.

भूकंपाआधी सरकारी नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता.
1992 च्या ऑक्टोबरमध्येही किल्लारीला धक्के बसले होते.
काही लोक तेव्हा घराबाहेर झोपले.
पुढे ते पुन्हा घरात झोपू लागले.
2002 साली आमचा भाग जास्त धोक्याच्या झोन तीनमध्ये टाकला.
नकाशा बदलला तेव्हा आमची गावं पडून गेली होती.
म्हणून मी नकाशा बघून दगड ठेवत नाही.
मी प्रत्येक भिंतीत ठेवतो.

आता आपण काम करू.
चार जणांचे गट करा.
प्रत्येक गटाला एक पहार आणि एक घमेलं मिळेल.
भिंतीवर खडूने गोल काढले आहेत.
त्या ठिकाणी भोक करायचं आहे.
हातमोजे घाला.
भिंतीच्या दुसऱ्या बाजूला कोणी उभं राहू नका.
प्रश्न असेल तर आधी ताईंना सांगा.
एका वेळी एकानेच बोला.
पिण्याचं पाणी लिंबाखाली ठेवलं आहे.
पहिला गट इकडे या.