हजेरीला हात वर करा

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, माझे सहकारी शिक्षक आणि मुलांनो, विश्राम! बसलात तरी चालेल, मैदान कालच्या पावसानं जरा ओलं आहे, बघून बसा.

नववी ‘ब’च्या मुलींची माझ्याविरुद्ध एक तक्रार आहे. त्या म्हणतात, ‘सर, आम्ही हजर असतो आणि तुम्ही गैरहजेरी मांडता.’ तक्रार खरी आहे. मागच्या बाकावरून बारीक आवाजात ‘हजर सर’ आलं, की माझ्या उजव्या कानापर्यंत ते पोचतच नाही. मुलांचा घोगरा ‘हजर’ मात्र नीट ऐकू येतो.

याचं कारण शिक्षक खोलीत फक्त दोघातिघांना माहीत होतं. आज सगळ्यांना सांगतो. कॉलेजला असताना मी सलग सहा वर्षं गणपतीत ताशा वाजवला. उजवीकडे दुसरा ताशा, मागं ढोलांची रांग, आणि शेवटची दोन वर्षं तर चौकात समोर डीजेची भिंत. मिरवणुकीहून घरी आलं की कानात रातकिड्यांसारखं किर्रर्र व्हायचं. आई विचारायची, ‘जेवतोस का?’ आणि मी म्हणायचो, ‘काय?’ सकाळपर्यंत किरकिर थांबायची, म्हणून आम्ही समजायचो, झालं बरं. तीच चूक झाली. आता ती किरकिर थांबतच नाही. आत्ता बोलतानाही चालू आहे.

आठवीला ज्ञानेंद्रियं शिकवताना मी फळ्यावर गोगलगाईच्या शंखासारखं चित्र काढतो, आठवतं? त्या शंखात, प्रत्येक कानात, साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजानं त्यांच्यावरचे बारीक केस हलतात आणि मेंदूला निरोप जातो. शिवारात वारं सुटलं की ज्वारी वाकते आणि वारं थांबलं की उभी राहते. पण वादळात ताट मोडलं, तर ते परत उभं राहत नाही. केसपेशीही तशाच मोडतात, आणि माणसाला त्या पुन्हा फुटत नाहीत. कोंबडीला फुटतात! निसर्गानं हा एक पक्षपात केला आहे. आपल्यात आधी मोडतात त्या उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी. म्हणून ‘स’, ‘श’ गळतात, आणि मुलींचं ‘हजर’ही.

आता तुमच्या खिशातल्या यंत्राकडे येतो. शाळेत मोबाइल आणायचा नाही हे ठाऊक आहे, तरी मधल्या सुट्टीत चिंचेखाली एक इअरफोन दोघांच्या कानांत असतो, हे मला उजव्या कानानं नाही, तर डोळ्यांनी दिसतं.

जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी सांगते ती मर्यादा आठवड्याला 40 तास, तीही 75 डेसिबलला. आवाज 3 डेसिबल वाढला की ही वेळ निम्मी करायची. म्हणजे 78ला 20 तास, 81ला 10 तास. गणिताच्या सरांनी हे उदाहरण दिलं, तर माझं नाव सांगू नका. पूर्ण आवाजात कित्येक फोन 100 डेसिबलच्या आसपास जातात, आणि त्या आवाजाला मोठ्या माणसालाही आठवड्याला जेमतेम 20 मिनिटं मिळतात. तुम्हाला त्याहूनही कमी.

सगळ्यात वाईट सवय एसटीतली. इंजिन घरघरतं, म्हणून तुम्ही गाणं मोठं करता, आणि इंजिन बंद पडलं तरी तो आवाज तसाच राहतो. एसटीत इअरफोन काढूनच ठेवा. खिडकीतून बाहेर बघा, उसाला तुरे आलेत का बघा. घरी ऐकायचं तर आवाजाची पट्टी अर्ध्याच्या थोडी वर, बस्स. शेजारच्याला तुमच्या कानातलं गाणं ओळखता आलं, तर ते जास्तच मोठं आहे. आणि इअरफोन लावून झोपू नका, रात्रभर कानाला विश्रांती हवी.

गणपती तोंडावर आलेत. ढोलपथकात जाणाऱ्यांना मी ‘जाऊ नका’ म्हणणार नाही, मला ते शोभणारही नाही. पण कापसाचे बोळे घालून आम्ही फसलो, कापूस फारसा आवाज अडवत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते दाबून बारीक करायचे आणि कानात फुगू द्यायचे. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहू नका, आणि धाकट्या भावंडांना खांद्यावर घेऊन तिथे तर अजिबात नेऊ नका. मिरवणुकीनंतर किरकिर दुसऱ्या दिवशीही राहिली, तर घरी सांगा, कानाच्या डॉक्टरांकडे जा. घरी सांगायची भीती वाटली तर मला सांगा, डाव्या बाजूनं.

आणि नववी ‘ब’, आजपासून हजेरीला ‘हजर सर’ म्हणताना हात वर करायचा. मागची गैरहजेरी मी दुरुस्त करून घेतो, बाईंची परवानगी काढली आहे.