विषय: रूम नंबर 104 मधली घाण आणि बंद एसी, काही पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार मॅनेजर साहेब,

मी प्रशांत, पुण्याहून आलो होतो. 16 ते 18 मे 2025, शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री तुमच्या तारकर्लीच्या रिसॉर्टमध्ये 104 नंबरच्या खोलीत आम्ही चौघं होतो, मी, बायको, 6 वर्षांची मुलगी आणि माझी आई. चेकआऊटच्या वेळी काउंटरवर तुमच्याशी बोललो तेव्हा तुम्ही म्हणालात की मालक नाहीयेत, मेलवर लिहून पाठवा, म्हणून लिहितोय. जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आम्ही सकाळी 6 ला निघून फोंडा घाट उतरून दुपारी साडेतीनला पोचलो. चेक-इन 12 चं होतं म्हणजे खोली तयार असायला तुम्हाला साडेतीन तास जास्तच मिळाले होते, तरी दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला. बाथरूमच्या दारावर आधीच्या लोकांचा ओला टॉवेल तसाच लटकत होता, फरशीवर समुद्राची वाळू, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता आणि त्यामुळे पाणी तुंबलेलं. बादली आणि मग आतून हिरवा बुळबुळीत झालेला, आमच्या घरी तर असा मग झाडांना पाणी घालायला पण कोणी वापरणार नाही. बेडशीट लांबून पांढरी दिसत होती पण पांघरूण बाजूला केलं तर केस आणि चहाचे की कसले ते तपकिरी डाग. मुलीचा बॉल पलंगाखाली गेला म्हणून वाकलो तर तिथे कुरकुऱ्याचं पाकीट आणि बाटलीची दोन झाकणं. म्हणजे पलंगाखाली झाडू गेलेलाच नव्हता, चादर नुसती वरून झटकून परत घातली होती असंच माझं मत झालंय, तुम्ही नाही म्हणालात तरी. सगळ्याचे फोटो जोडलेत, फोटोंवर वेळ आहे.

काउंटरवर सांगितलं तर "पाच मिनिटात पोरगो पाठवतंय" म्हणाले, तो आला संध्याकाळी पावणेसहाला. आईला तोपर्यंत बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं, 71 वय आहे आणि बीपीची गोळी चालू आहे, 9 तास गाडीत बसून आलेल्या बाईला आडवं व्हायला जागा नाही. त्या पोराने चादरी बदलल्या, फिनेल मारलं, बादली घासली, बिचारा एकटाच सगळ्या खोल्या बघत होता. त्याला काही बोलू नका, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीये.

आता एसीचं. खरं तर मुख्य तक्रार हीच आहे.

रिमोट 18 वर, ब्लोअर सुरू, पण हवा नुसती पंख्यासारखी, गारवा शून्य. अर्धा तास झाला, एक तास झाला, तेच. मी स्वतः मागे जाऊन आऊटडोअर युनिट बघितलं, पंखा फिरतोय पण कंप्रेसर उचलत नाहीये, टक् असा आवाज येऊन बंद. तुमच्या माणसाने आधी सांगितलं की व्होल्टेज कमी आहे, मेमध्ये इकडे असंच असतं. बरं मग शेजारी 103 मध्ये एसी मस्त चालू होता, तिथल्या काकांनी दार उघडलं तर गार झोत बाहेर येत होता, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना व्होल्टेज वेगळं असतं का? खोली बदलून मागितली तर फुल आहे म्हणाले, आणि मिस्त्री "उद्या सकाळी येतलो".

मे महिन्यातली समुद्रकाठची रात्र तुम्हाला मी काय सांगायची, तुम्ही तिकडचेच. खिडकी उघडली तर जाळी नाही म्हणून डास, बंद केली तर घामाच्या धारा. रात्री 11 ला एक टेबल फॅन मिळाला तो आईकडे लावला. मुलीच्या पाठीवर घामोळं उठलं, 2 वाजेपर्यंत बायको ओल्या रुमालाने तिला पुसत बसली होती.

मिस्त्री आला शनिवारी दुपारी 1 ला. त्याने फिल्टर काढला तर त्यावर धुळीचा गालिचा, आणि म्हणाला कपॅसिटर गेलाय, माझ्याकडे नाही, कुडाळहून आणावा लागेल. गेला तो गेलाच. दुसरी रात्रही तशीच काढली.

इथवर मी गप्प बसलो असतो, मशीन आहे, बिघडतं. पण रविवारी निघताना काउंटरवर तक्रारीचं रजिस्टर समोर उघडं होतं, त्यात 11 मे ला कोणीतरी लिहिलंय "104 एसी कूलिंग नाही" आणि पुढे ना सही ना टिक. त्याचाही फोटो आहे. म्हणजे आम्ही यायच्या 5 दिवस आधी तुम्हाला माहीत होतं, तरी आम्हाला ती खोली एसी म्हणून दिलीत आणि बिलही एसीचंच लावलंत. मला राग याचा आलाय. फोनवर एका शब्दाने सांगितलं असतं तर मी नॉन-एसी घेतली असती नाहीतर दुसरीकडे बघितलं असतं.

आता हिशोब. तुमच्याच बोर्डावर एसी रूम 4,500 आणि नॉन-एसी 2,800 आहे, फरक 1,700, दोन रात्रींचे 3,400, त्यावर 12 टक्के जीएसटीचे 408, झाले 3,808. खोलीच्या घाणीसाठी आणि पहिला अख्खा दिवस वाया गेल्याबद्दल 1,000 धरतो. एकूण 4,808, वरचे 8 राहू द्या, 4,800 पाठवा. मी दिलेत 10,080 (5,000 अॅडव्हान्स यूपीआयने, बाकी 5,080 निघताना), पावती जोडली आहे. जेवणाचं बिल वेगळं होतं, त्यातला एक रुपया मागत नाही, सुरमईची थाळी आणि सोलकढी खरंच एक नंबर होती, आई अजून त्या मावशींच्या हाताचं नाव काढते.

पैसे ज्या यूपीआयवरून अॅडव्हान्स आला त्याच नंबरवर 31 मे पर्यंत टाका. पुढच्या वेळी डिस्काउंट देतो असं काउंटरवर बोललात, ते नको, सध्या तरी परत यायचा मूड नाही. 31 पर्यंत काहीच उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकेन आणि लागलंच तर जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथे म्हणजे पुण्यातच केस करता येते आणि एवढ्या रकमेला फी पण नाही, त्यामुळे मला मालवणला खेपा घालाव्या लागणार नाहीत, तुम्हाला मात्र पुण्याला याव्या लागतील. 4,800 साठी दोघांनी एवढं करावं असं मला तरी वाटत नाही.

आणि तो कपॅसिटर तेवढा बसवून घ्या हो, काहीशे रुपयांचं काम आहे.

प्रशांत
रूम नंबर 104, 16 ते 18 मे
सोबत: 11 फोटो, एसीचा 1 व्हिडिओ, बिल आणि यूपीआयची पावती